गोष्ट वाचताय की तोंडी परीक्षा घेताय?

2025 च्या जूनमध्ये चार दिवस सुट्टी टाकून पुण्याहून महाडला ताईकडे गेलो होतो. जाताना भाच्यासाठी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचं एक पातळ चित्रपुस्तक घेतलं. बारा पानं, पानभर चित्र आणि खाली दोन-तीन ओळी. भाचा तेव्हा साडेतीन वर्षांचा. रात्री जेवणं झाल्यावर तो मांडीवर येऊन बसला आणि मी वाचायला लागलो.

वाचायला लागलो म्हणजे खरं तर परीक्षा घ्यायला लागलो. हा कोण? कावळा. रंग कोणता? काळा. चिमण्या किती? एक. हे काय? झाड. झाडाचा रंग? प्रत्येक उत्तरावर मी 'शाब्बास' म्हणत होतो आणि मनातल्या मनात स्वतःलाही शाब्बासकी देत होतो. मोबाइलवर कार्टून लावून देणाऱ्यांपैकी आपण नाही, आपण मुलाशी बोलत बोलत वाचतो, वगैरे.

मग पावसाचं पान आलं. काळे ढग, वाकलेली झाडं, कावळ्याच्या शेणाच्या घरावर पडणारे मोठे थेंब. मी विचारलं, "आता काय होणार?"

तो म्हणाला, "कावळा माळ्यावर जाणार."

"नाही रे, नीट बघ. घर कशाचं आहे? शेणाचं ना? मग पावसात ते वाहून..."

"जाणार," तो म्हणाला. पण म्हणताना चित्राकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. पुढच्या पानावर त्याने मोबाइल मागितला.

ताई आतून ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "तो काय चुकीचं बोलला? पाऊस वाढला की आपण काय करतो?"

तिचं घर बाजारपेठेच्या बाजूला आहे. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा घरातली माणसं वरच्या माळ्यावर रात्र काढून वाचली. भाचा त्या वेळी ताईच्या पोटात होता. त्याने पूर पाहिलेला नाही. पण त्याला कळायला लागल्यापासून दर पावसाळ्यात तो तांदळाचे डबे, गाद्या, कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढताना बघतोय. चित्रातले काळे ढग बघून त्याने घरात बघितलेलं आठवलं आणि त्यावरून गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधला. यालाच गोष्ट समजणं म्हणतात. आणि मी त्याला 'नीट बघ' म्हणालो.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी व्हायवा दिल्या आहेत. समोरच्याला उत्तर माहीत असतं, ते त्याच शब्दांत हवं असतं, आणि आपण विषयाकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत वाक्य पूर्ण करतो. हा अनुभव मला वयाच्या अठराव्या वर्षी आला. भाच्याला मी साडेतिसाव्या महिन्यात नव्हे, पण साडेतिसऱ्या वर्षी दिला. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण शिकलेली माणसं मुलांना पुस्तक वाचून दाखवताना बहुतेक वेळा हेच करतो, आणि त्याला 'मुलांसोबत वाचन' म्हणतो. हे थांबवायला हवं.

आधी एक गोष्ट मान्य करतो. 'हे काय?' हा प्रश्न वाईट नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला वस्तूंची नावं हवीच असतात, आणि चित्रावर बोट ठेवून नाव विचारणं हा त्या वयाचा खेळच असतो. गडबड होते ती आपण तिथेच अडकून पडतो म्हणून. साडेतीन वर्षांच्या मुलाला कावळा काळा असतो हे ठाऊक असतं. तो रंग तुम्हालाही दिसतोय, त्यालाही दिसतोय. त्या प्रश्नाने दोघांनाही नवीन काही मिळत नाही, आणि गोष्ट मात्र त्या जागी उभी राहते.

गोष्ट समजण्यासाठी डोक्यात काय घडावं लागतं ते बघा. आतापर्यंत काय झालं ते मुलाने धरून ठेवायचं, चित्रातली खूण पकडायची, स्वतःच्या अनुभवातलं काहीतरी तिला जोडायचं आणि पुढचं पान उलटण्याआधी मनात एक पान रंगवायचं. मग खरं पान येतं आणि दोन्हींचा ताळा पडतो किंवा पडत नाही. पडला नाही तर जास्तच मजा, कारण मग मनातली गोष्ट दुरुस्त करावी लागते. म्हणून अंदाजाच्या प्रश्नाची जागा ठरलेली आहे: पान उलटण्याच्या आधी. पान उलटल्यावर 'काय झालं?' विचारलंत तर ती फक्त आठवणीची चाचणी होते.

दुसऱ्या दिवशी हे सगळं घेऊन मी मावशीकडे गेलो. ती पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर वीसेक वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पटावर अठरा मुलं, तीन ते सहा वयाची, एकाच खोलीत. बऱ्याच मुलांचे बाप मुंबईला, काहींच्या आयाही तिकडेच, आणि मुलं आजी-आजोबांकडे. मी माझी फजिती सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "पुस्तक ठेव इथे. उद्या सकाळी ये आणि गप्प बस."

तिने वाचलं ते असं. सगळ्या अठरांना एकदम घेतलं नाही. मदतनीस बाईंकडे बारा जणांना ठोकळे देऊन बसवलं आणि सहा मुलांना समोर अर्धगोलात घेतलं. पुस्तक मांडीवर न ठेवता मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, छातीशी धरलं. आधी फक्त मुखपृष्ठ दाखवलं आणि म्हणाली, "मला वाटतं, हे दोघं भांडणार आहेत." प्रश्न नाही, नुसता स्वतःचा अंदाज. लगेच दोन मुलं म्हणाली, "नाय बाई, दोस्त आहेत ते!" अंदाज बांधायचा खेळ सुरू झालाय आणि बाईसुद्धा चुकू शकतात, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

बारा पानांत ती फक्त तीन ठिकाणी थांबली. मी मोजलं.

पहिला थांबा पावसाच्या पानावर. "आता काय होईल?" विचारलं आणि गप्प बसली. ही गप्प बसण्याची गोष्ट साधी वाटते, पण मोजून बघा. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. थांबणं तीन सेकंदांच्या वर गेलं की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन वर्षांच्या मुलाला तर आधी प्रश्न समजायला वेळ लागतो, मग शब्द शोधायला. मावशी मनात पाच आकडे मोजते. मी आदल्या रात्री एकही मोजला नव्हता.

उत्तरं आली. "घर भिजेल." "कावळा उडून जाईल." एक मुलगा नुसता बघत राहिला. मावशीने त्याला 'सांग, सांग' केलं नाही. तिने प्रश्न लहान केला: "कावळा घरात थांबेल की बाहेर पळेल?" दोन पर्याय दिले की न बोलणारं मूलही एक शब्द बोलू शकतं, निदान बोट दाखवू शकतं. "पळेल," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "घर भिजलं म्हणून कावळा पळेल." त्याचा एक शब्द उचलून तिने त्याचं वाक्य केलं आणि त्याला परत दिलं. 'पूर्ण वाक्यात बोल' असं म्हणाली नाही.

मग सर्वात महत्त्वाचं. तिने कोणालाही बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. "बघू या हां," म्हणाली आणि पान उलटलं. घर वाहून गेलेलं दिसलं. निकाल पुस्तकाने दिला. मुलांचे डोळे बाईंच्या तोंडावर नव्हते, चित्रावर होते.

दुसरा थांबा दारापाशी. कावळा भिजत बाहेर उभा आहे, दार वाजवतोय, आणि चिमणी आतून सांगतेय की थांब, बाळाचं आवरतेय. इथे मी नक्कीच विचारलं असतं, 'चिमणी काय करतेय?' मावशीने विचारलं, "चिमणी आत काय करतेय ते कावळ्याला दिसतंय का?"

हा प्रश्न मला फार आवडला. पुस्तकाच्या चित्रात घर अर्धं कापलेलं दाखवलंय, त्यामुळे आपल्याला आतलं दिसतं. कावळ्याला नाही. तीन-साडेतीन वर्षांची बरीच मुलं 'दिसतंय' म्हणतात, कारण त्यांना स्वतःला दिसतं. जे मला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसू शकतं, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी पक्की होते. त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच कळते, कारण कावळ्याची सगळी अडचण बंद दाराची आहे. त्या सहांपैकी दोघं 'दिसतंय' म्हणाले. एक पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "दार बंद हाय ना! त्याला कसं दिसेल?" मावशीला उत्तर द्यावंच लागलं नाही.

तिसरा थांबा शेवटच्या पानाच्या आधी. "दार उघडेल का?" तिघं म्हणाले उघडेल, दोघं म्हणाले नाही. मावशीने विचारलं, "तुला कसं कळलं?" हे शब्द नीट बघा. तिने 'का?' विचारलं नाही. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, या पोरांनी 'का' कधी ऐकलेलं असतं? का सांडलंस, का मारलंस, का रडतोस. 'का' म्हटलं की ती मान खाली घालतात." 'तुला कसं कळलं?' म्हटलं की मूल पुन्हा चित्रात शिरतं आणि खूण दाखवतं. एकाने चिमणीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं: "ती हसतेय."

आणि मग त्याच पाच वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाई, चिमणीचं घर मेणाचं ना? मग तिने चूल पेटवली तर?"

पावसाळ्यात पोलादपूरकडे वीज जाते, मेणबत्त्या लागतात. मेण तापलं की वितळतं हे त्या मुलीने घरी पाहिलंय. पावसात टिकणारं घर चुलीपुढे टिकणार नाही, हे तिने गोष्टीच्या पुढे जाऊन पाहिलं. मी लहानपणापासून ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल, मला हा प्रश्न कधी पडला नाही. कारण आम्हाला गोष्ट संपल्यावर एकच विचारलं जायचं: तात्पर्य काय?

तात्पर्याबद्दल माझं भांडण स्पष्ट आहे. तात्पर्य विचारणं म्हणजे मोठ्यांच्या डोक्यातलं एक वाक्य मुलाकडून काढून घेणं. 'घर पक्कं बांधावं.' 'संकटात मदत करावी.' चार वर्षांच्या मुलाला एवढं आटवलेलं वाक्य स्वतःहून सुचत नाही. ते तो पाठ करतो. आणि एकदा पाठ झालं की गोष्ट बंद. मेणाच्या घरात चूल पेटवण्याची कोणाला गरजच उरत नाही.

आता उलट्या बाजूचा धोका. हे वाचून कोणी प्रत्येक पानावर 'पुढे काय होईल?' विचारायला लागलं, तर ती माझ्यापेक्षा वाईट परीक्षा होईल. गोष्टीला स्वतःचा वेग असतो, तो तुटला की मूल उठून जातं. बारा पानांच्या पुस्तकाला तीन थांबे पुरे. पहिल्यांदाच वाचत असाल तर एक किंवा दोन. थांबा कुठे घ्यायचा ते आधी स्वतः पुस्तक वाचून ठरवावं लागतं. जिथे चित्रात किंवा शब्दांत एखादी खूण आहे आणि पुढचं पान अजून झाकलेलं आहे, तीच जागा. खूणच नसेल तर मुलाने अंदाज कशावरून बांधायचा? ती मग लॉटरी होते.

आपलं चुकतंय हे ओळखणं अवघड नाही. मूल चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं, उत्तर प्रश्नार्थक सुरात द्यायला लागलं, स्वतःच पान उलटायला लागलं, किंवा सरळ 'तू वाच ना' म्हणालं, तर प्रश्न बंद करा आणि वाचा. पुढच्या वेळी एक प्रश्न कमी. घोळक्यात वेगळी अडचण असते: एक बोलकं मूल पहिल्याच सेकंदाला उत्तर देतं आणि बाकीचे त्याचीच री ओढतात. मावशी त्यावर कधी कधी बोलूच देत नाही. "ज्यांना वाटतं दार उघडेल त्यांनी हात डोक्यावर, ज्यांना वाटतं नाही त्यांनी हात गुडघ्यावर." असं केलं की प्रत्येकाला स्वतःचा अंदाज ठरवावाच लागतो.

आणि पुस्तक पुन्हा वाचायचं. दुसऱ्या दिवशी 'पुढे काय होईल'ला अर्थ नाही, सगळ्यांना माहीत आहे. मग प्रश्न बदलतात: कावळ्याला आता कसं वाटत असेल? तू चिमणी असतीस तर काय केलं असतंस? तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं आणि चित्रं बघत त्याने सांगायचं. तो कुठली कडी गाळतो त्यावरून काय कळलं नाही ते तुम्हाला समजतं. हीच तपासणी, आणि मुलाला ती परीक्षा वाटत नाही.

याला इंग्रजीत डायलॉजिक रीडिंग म्हणतात. 1988 साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोनेक वर्षांच्या मुलांच्या आईबापांवर एक साधा प्रयोग केला. दोन्ही गट घरी पुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटाला फक्त एवढंच शिकवलं की हो-नाहीचे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा, मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत द्या. महिन्याभराने त्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली होती. पुढे 2008 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दिसलं की दोन-तीन वर्षांच्या मुलांत परिणाम चांगला, चार-पाच वर्षांच्यांत बराच कमी. म्हणजे ही जादू नाही. याने अक्षरओळख होत नाही, बोलणं आणि समजणं वाढतं. आणि उशिरा सुरू केलं तर कमी मिळतं.

'आमच्या आजीने कुठे असले प्रश्न विचारले? तरी आम्ही शिकलोच ना,' असं माझे मित्र म्हणतात. आजीने विचारले होते, तुम्ही विसरलात. आजी ऐन जागी थांबायची. आपण 'मग?' म्हणायचो. ती म्हणायची, 'तूच सांग.' हुंकार दिला नाही तर गोष्ट पुढे जायची नाही. हेच ते. ते आजीकडून सुटलं आणि त्या जागी आपण व्हायवा आणली. वाडीवरच्या ज्या आज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांना मावशी पुस्तक घरी देते. "चित्र बघ, त्याला विचार आणि थांब." त्यासाठी वाचता यावं लागत नाही. उलट खालच्या ओळी वाचता येत नसल्यामुळे आजी आणि नातू दोघंही चित्रातच शोधतात.

एक शेवटची गोष्ट, आमच्या भागाची. गोष्ट मुलाच्या आयुष्याशी जोडणारे प्रश्न चांगले मानले जातात. 'तुझ्या घरात कधी पाणी आलं होतं?' मावशी हा प्रश्न विचारत नाही. 2021 च्या त्याच पावसात महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरातही दरडी पडल्या. कोणाच्या घरात काय झालंय हे घोळक्यात उकरून काढायचं नसतं. ती पावसाबद्दल विचारते, घराबद्दल नाही. मुलाने स्वतःहून आणलं तर मात्र पुस्तक मिटते आणि ऐकते.

पुण्याला परतायच्या आदल्या रात्री मी भाच्याला विचारलं, "कावळा माळ्यावर जाणार म्हणालास ना, तुला कसं कळलं?" मनात पाच आकडे मोजायला लागलो. तीनवर असताना तो म्हणाला, "खाली पाणी येतं. वर नाय येत." मग पुस्तक ओढून घेतलं, शेणाच्या घरावर बोट ठेवलं, सगळं घर वरून खालपर्यंत तपासलं आणि म्हणाला, "मामा, कावळ्याला माळाच नाय."

मी काही बोललो नाही. पान त्यानेच उलटलं.